एसडी एवढी कमी, मग उत्तर चुकलं कसं?

शेजारची पोरगी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला आहे. परवा संध्याकाळी तिनं व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट टाकला. साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल, मैत्रिणीच्या वहीतला तक्ता, फोटोचा पुन्हा फोटो. खाली लिहिलं होतं, "दादा, एसडी ०.०५ आली अन् परसेंट एरर २.६. दोन्ही चूकच सांगतात न? मंग येवढा फरक काऊन?"

गोम त्या "दोन्ही चूकच सांगतात" मध्येच आहे.

तक्त्यात २० आंदोलनांचा वेळ पाच वेळा मोजलेला होता आणि प्रत्येक वेळी g, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढलेला: ९.५३, ९.६२, ९.४८, ९.५७, ९.५७. एकक मी/से². बेरीज ४७.७७, पाचानं भागून सरासरी ९.५५४. आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते काढून वर्ग करायचा. ९.४८ चं अंतर ०.०७४, वर्ग ०.००५५. असे पाचही वर्ग मिळवले की ०.०१०९ येतात. याला पाचानं नाही, चारानं भागायचं, कारण सरासरी याच पाच आकड्यांतून काढलेली आहे. चार अंतरं कळली की पाचवं आपोआप ठरतं. वर्गमूळ ०.०५२. हे प्रमाण विचलन, म्हणजेच एसडी.

या सगळ्या गणितात g ची पुस्तकातली किंमत, ९.८१, कुठंच आली नाही. पाच आकडे एकमेकांना किती धरून आहेत, एवढंच एसडी पाहते. परसेंट एररचं उलटं आहे. तिला सरासरी आणि पुस्तकातली किंमत हव्या असतात, आकडे किती पसरलेत याच्याशी तिला देणंघेणं नाही: ९.८१ वजा ९.५५४ म्हणजे ०.२५६, भागिले ९.८१, गुणिले १००, उत्तर २.६ टक्के. त्यात एसडीला मी/से² हे एकक आहे, टक्क्याला एकक नाही. म्हणून ०.०५ आणि २.६ शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ०.०५ हे ९.५५ च्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे, असं म्हटलं की मग तुलना जमते.

कापूस विकायला नेला अन् काटा मारलेला निघाला, तर तेच गाठोडं पाचदा ठेवा, वजन पाचही वेळा जवळपास सारखंच भरेल. आणि पाचही वेळा कमीच भरेल. इथंही पसारा अर्धा टक्का आणि चूक अडीच टक्क्यांच्या वर, म्हणजे स्टॉपवॉच दाबणारा हात बरा होता, कुठंतरी काटा मारलेला होता.

मी विचारलं, "लांबी कुठून कुठवर मोजली?" "दोऱ्याची, हूकपर्यंत. ९७.५ सेंमी." सापडलं. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरतात. हूक १.३ सेंमी, गोळ्याची त्रिज्या १.२, हे अडीच सेंमी राहूनच गेले होते. L बरोबर १०० सेंमी घेतल्यावर सरासरी ९.८० आली आणि परसेंट एरर ०.१ वर उतरली. एसडी मात्र जिथल्या तिथं, ०.०५. लांबी पाचही वेळा सारखीच चुकली होती, म्हणून एसडीला तिचा पत्ताच लागला नव्हता.

स्क्रीनशॉटवरून आकडे उतरवताना मात्र याच्या उलट फजिती होते. पहिल्यांदा तिनं धूसर ९.४८ ला ९.९८ वाचलं होतं. त्यानं सरासरी ९.६५ झाली आणि परसेंट एरर उतरून १.६ वर आली, म्हणजे चुकीनं उत्तर सुधारल्यासारखं दिसलं! एसडी मात्र ०.१९ वर गेली, जवळपास साडेतीन पट. एसडी अशी उसळली की आधी फोटो मोठा करून तो आकडा पाहावा. पाच आकडे B2 ते B6 मध्ये भरले की स्प्रेडशीटमध्ये सरासरी, एसडी आणि परसेंट एरर अशी निघते:

```
=AVERAGE(B2:B6)
=STDEV.S(B2:B6)
=ABS(AVERAGE(B2:B6)-9.81)/9.81*100
```

`STDEV.P` घेतलं तर भागाकार पाचानं होतो आणि एसडी थोडी कमी दिसते.

एक बारीक गोष्ट. ९.८१ ही काही आपल्याकडची किंमत नाही. g ध्रुवाकडे वाढतो, विषुववृत्ताकडे कमी होतो. विदर्भाच्या अक्षांशावर तो साधारण ९.७९ भरतो. जुन्या ९.५५४ ला ९.७९ शी ताडलं तर एरर २.४ टक्के येते. म्हणून कोणती किंमत धरली ते रिपोर्टात लिहावंच लागतं, नाहीतर टक्क्याला अर्थ राहत नाही.

शेवटी तिनं वहीत लिहिलं: g = ९.८० ± ०.०५ मी/से² (पाच वाचनं, ± म्हणजे एसडी), ९.८१ धरून त्रुटी ०.१ टक्का, लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत. मग विचारते, "अन् मैत्रिणीच्या वहीत ९७.५ च आहे, तिले सांगू का?"