वाळूतल्या केवड्याच्या कवचा

उत्तर ऑस्ट्रेलियात मजेदबेबे नावाची एक कपार आहे. वर पुढे झुकलेला कडा, खाली वाळू. ही तिथल्या मिरार या आदिवासी लोकांची जमीन. त्यांच्या परवानगीने 2012 आणि 2015 साली इथे उत्खनन झालं, आणि सुमारे अडीच मीटर खोलीपर्यंत दगडी हत्यारं, गेरू आणि वाटण्याचे दगड सापडत गेले.

मला सगळ्यात जास्त ओढ लावतात त्या मात्र जळालेल्या कवचा. आपल्या केवड्याच्याच जातीतलं एक झाड तिथे वाढतं. त्याचं फळ लाकडासारखं कठीण असतं; आत चिंचोळी, तेलकट बी. ती मिळवायची तर जड दगडाने फोडाफोड करावी लागते आणि मेहनतीच्या मानाने हाती थोडंच येतं. या कवचा अगदी तळाच्या थरापासून वरपर्यंत सापडतात, आणि मिरार लोकांना ते फळ कसं फोडायचं हे आजही माहीत आहे.

पण तळाचा थर किती जुना? कोळशातल्या कार्बनवरून वय काढण्याची पद्धत साधारण 50,000 वर्षांपलीकडे चालत नाही. म्हणून वाळूलाच विचारलं गेलं. वाळूचा कण उन्हात असला की त्याचं घड्याळ शून्यावर येतं. गाडला गेला की भोवतालच्या मातीतल्या किरणोत्सर्गाची ऊर्जा त्यात साठत जाते. प्रयोगशाळेत, अंधारात, त्यावर प्रकाश टाकला की तो मंद उजळतो. जितका उजळेल तितका जास्त काळ गाडलेला. उत्तर आलं सुमारे 65,000 वर्षं.

इथे एक अडचण आहे. वय निघालं ते वाळूचं, हत्याराचं नव्हे. वाळवीने जमीन पोखरली तर वरचा दगड खाली सरकून जुन्या वाळूत जाऊन बसतो. हे तपासायला उत्खनन करणाऱ्यांनी एकाच दगडाचे फुटलेले तुकडे जुळवून पाहिले. ते बहुतेक जवळजवळच मिळाले. तरी सगळ्यांचं समाधान झालेलं नाही. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. आजच्या ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या डीएनएमध्ये निअँडरथल मानवाचा अंश आहे. निअँडरथल ऑस्ट्रेलियात कधी नव्हते, म्हणजे तो संकर इथे येण्याआधीच झालेला असणार, आणि तो साधारण 50,000 वर्षांपूर्वीच्या आसपासचा धरला जातो. मग 65,000 वर्षांपूर्वी कुणी आलं असेलही, पण ते आजच्या लोकांचे मुख्य पूर्वज असणं कठीण.

म्हणून मी 65,000 हा आकडा हातचा राखून वापरतो. गेल्या 45,000 वर्षांबद्दल मात्र तशी शंका उरत नाही, कारण तिथे वेगळाच पुरावा साथ देतो: केस. 1928 पासून पुढे काही दशकं संशोधकांनी आदिवासी वस्त्यांमधून केसांच्या बटा गोळा केल्या होत्या. त्या अॅडलेडच्या संग्रहालयात पडून होत्या. वंशजांच्या घरी जाऊन, त्यांची परवानगी घेऊन, अशा 111 नमुन्यांतून आईकडून येणारा डीएनए वाचला गेला; निष्कर्ष 2017 साली छापून आले. उत्तरेतून आलेले लोक पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याने झपाट्याने दक्षिणेपर्यंत पसरले आणि मग आपापल्या मुलखात थांबले. हिमयुगाने वाळवंटं वाढवली, पुढे समुद्राने किनारे गिळले, तरी युरोपीय येईपर्यंत मातृवंशाच्या शाखा त्या-त्या भागातच टिकून राहिल्या.