मायनर नेमके काय पाहतो?

“बिटकॉइनमध्ये मोठ्या रकमेचा व्यवहार मायनर आधी घेतात,” असा अनेकांचा समज असतो, पण तो बरोबर नाही. मायनर म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये नोंदवणारा.

ब्लॉकमधील जागा मर्यादित असल्यामुळे मायनर रकमेपेक्षा, व्यवहार व्यापत असलेल्या प्रत्येक व्हीबाइटमागे, म्हणजे त्याच्या आकाराच्या एककामागे, किती शुल्क मिळते, हे सहसा पाहतो. समजा, कोथरूडमधील एकाने थोडीशी रक्कम पाठवली. व्यवहार १४० व्हीबाइटचा, शुल्क १,४०० सातोशी (सातोशी हे बिटकॉइनचे सर्वात लहान एकक), म्हणजे दर व्हीबाइटमागे १० सातोशी पडला. दुसऱ्याने पूर्वी मिळालेल्या अनेक सुट्या रकमा जोडून दसपट रक्कम पाठवली, त्यामुळे व्यवहार १,००० व्हीबाइटचा झाला आणि ४,००० सातोशी मोजूनही दर ४ च राहिला. गर्दीच्या वेळी हा दुसरा व्यवहारच मेमपूलमध्ये, म्हणजे नोंदीची वाट पाहणाऱ्या व्यवहारांमध्ये, मागे पडतो. (एकूण शुल्क जास्त असूनही; गोंधळ बहुधा इथेच होतो.)

पडताळणीसाठी व्यवहाराचा आयडी ब्लॉक एक्सप्लोररमध्ये, म्हणजे व्यवहारांचा तपशील दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकावा आणि शुल्काला व्हीबाइटने भागावे.