मिठाचा खडा चौकोनी का? वुल्फची रेघ आणि कापलेला कोपरा

शिरोड्याच्या किंवा पेण-उरणकडच्या मिठागरातलं जाडं मीठ चिमूटभर काळ्या कागदावर पसरा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. बरेच दाणे काटकोनी ठोकळे दिसतील. मधूनच एखादा दाणा असा सापडतो, की त्याच्या बाजू सपाट नसतात. कडा उंच आणि मधे पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेला खळगा. एकाच वाफ्यातले, एकाच उन्हात वाळलेले हे दाणे. मग दोन आकार कसे?

आधी ठोकळा घेऊ. मिठाच्या स्फटिकात आतल्या प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. पृष्ठभागावरच्या आयनाचे काही शेजारी कमी होतात, म्हणून पृष्ठभाग उघडा करायला ऊर्जा लागते. दर चौरस मीटरला लागणारी ही ऊर्जा म्हणजे पृष्ठऊर्जा. ती स्फटिक कुठल्या दिशेने कापला त्यावर ठरते. ठोकळ्याच्या बाजूला समांतर कापलं, तर सोडियम आणि क्लोराइड बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून येतात आणि प्रत्येकाचा एकच शेजारी जातो. कोपरा तिरका छाटला, तर एका थरात नुसते सोडियम, खालच्या थरात नुसते क्लोराइड, आणि प्रत्येकाचे तीन शेजारी गेलेले. असा एकाच विद्युतभाराने भरलेला पृष्ठभाग फार महाग पडतो.

पाण्याच्या थेंबाला सगळ्या दिशा सारख्याच, म्हणून तो गोल होतो. स्फटिकाचा प्रश्न असा: घनफळ तेवढंच ठेवून, सगळ्या बाजूंची मिळून पृष्ठऊर्जा सर्वांत कमी कुठल्या आकारात होईल? गिब्ज आणि क्युरी यांनी एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न मांडला होता. १९०१ मध्ये गेओर्ग वुल्फने तो कागदावर पट्टीने सोडवायची रीत दिली. एका बिंदूपासून प्रत्येक बाजूच्या दिशेने, तिच्या पृष्ठऊर्जेच्या प्रमाणात लांबी मोजायची. टोकाशी त्या लांबीला काटकोनात रेघ मारायची. सगळ्या रेघांच्या आत, मधोमध जी जागा उरते, तोच समतोलातला आकार.

आलेखाच्या कागदावर करून बघू. मीठ नको, एक काल्पनिक सपाट स्फटिक घेऊ. त्याच्या चार सरळ बाजूंची ऊर्जा ४ आणि ४५ अंशांतल्या चार तिरक्या बाजूंची ५. एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर. सरळ रेघा मध्यापासून ४ सेंटिमीटरवर मारल्या की ८ सेंटिमीटरचा चौरस तयार होतो. त्याचा कोपरा मध्यापासून ५.६६ सेंटिमीटरवर असतो. तिरकी रेघ ५ वर येते, म्हणजे कोपऱ्याच्या आतून जाते आणि तो छाटते. सरळ बाजू आता ६.१४ सेंटिमीटर उरते आणि तिरकी १.३१ सेंटिमीटरची मिळते.

तिरकी बाजू महाग असूनही आकारात शिरली, हे बघण्यासारखं आहे. तिने कोपऱ्यावरच्या सरळ बाजूंची लांबी वाचवली आणि हिशेब फायद्यात गेला. ताळा करा: लांबी गुणिले ऊर्जा, आठही बाजूंची बेरीज १२४.५ येते. क्षेत्रफळ ६२.३ चौरस सेंटिमीटर. बेरीज क्षेत्रफळाच्या बरोबर दुप्पट यायलाच हवी, कारण प्रत्येक बाजूची ऊर्जा हीच मध्यापासून तिची उंची आहे, आणि लांबी व उंची यांचा गुणाकार म्हणजे ती बाजू आणि मध्यबिंदू मिळून होणाऱ्या त्रिकोणाचं दुप्पट क्षेत्रफळ. ती आली नाही तर कुठली तरी रेघ चुकली आहे. तेवढ्याच क्षेत्रफळाचा नुसता चौरस काढला तर ऊर्जा १२६.३ होते. आठही बाजू सारख्या ठेवल्या तर १२९.३. म्हणजे कोपरा मुळीच न छाटणं तोट्याचं, आणि जास्त छाटणं त्याहून तोट्याचं.

आता तिरक्या बाजूची ऊर्जा ५ ऐवजी ५.५ धरा. वाढ दहा टक्के, पण तिची लांबी १.३१ वरून ०.३१ वर घसरते. ५.६६ च्या पुढे तर ती रेघ कोपऱ्याबाहेरून जाते आणि बाजू नाहीशी होते. हातून हमखास होणारी चूक म्हणजे टोकाशी काटकोन न धरता टोकं एकमेकांना जोडणं. त्यातून भलताच आकार निघतो. दुसरी चूक अधिक फसवी: एखादी दिशा यादीत घ्यायची राहिली, तर रचना तक्रार करत नाही, तिच्याविना आकार काढून देते.

खऱ्या, त्रिमितीतल्या ठोकळ्याचा कोपरा मध्यापासून बाजूच्या अंतराच्या १.७३ पट दूर असतो. म्हणून मिठाच्या कोपऱ्यावरच्या तिरक्या बाजूची ऊर्जा ठोकळ्याच्या बाजूच्या १.७३ पटींहून कमी असेल, तरच कोपरा छाटला जाईल. उलट दिशेने मात्र सावध राहावं. छाटलेला कोपरा असेल तर अंतरं मोजून ऊर्जांचं गुणोत्तर काढता येतं. धारदार कोपऱ्यावरून एवढंच कळतं की ते १.७३ किंवा जास्त आहे. नेमकं किती, हे आकार सांगत नाही.

आणि मिठागरातल्या दाण्याला हे सगळं लागू करण्याआधी एक अडचण आहे. वाफ्यातलं पाणी आटून त्याची घनता बोमे मापावर सुमारे २५ पर्यंत गेली की मीठ पडायला लागतं. आकार बदलण्यासाठी पृष्ठऊर्जेतून मिळणारा जोर एक मिलिमीटरच्या दाण्यात अगदी नगण्य असतो. पाण्याचं तापमान अंशाच्या काही हजाराव्या भागाने हललं तरी तो झाकला जातो. वाऱ्याच्या एका झुळकीने त्याहून जास्त फरक पडतो. एक मायक्रॉनच्या दाण्यात तोच जोर हजारपट असतो, म्हणून समतोलाचा आकार तिथे शोधायचा.

मग मोठा दाणा ठोकळा का? गंमत अशी, की रचना तीच राहते, फक्त ऊर्जेच्या जागी वाढीचा वेग घालायचा. जी बाजू सावकाश वाढते तिची रेघ मध्याजवळ राहते, आणि शेवटी तीच बाजू उरते. झपाट्याने वाढणारी बाजू स्वतःला संपवते. हा वेग पाण्यात काय मिसळलंय त्यावर बदलतो. मिठाच्या द्रावणात युरिया असेल तर तो तिरक्या बाजूंना धरून त्यांची वाढ मंदावतो आणि ठोकळ्याऐवजी अष्टफलक दाणे मिळतात. १७८३ मध्ये फ्रेंच स्फटिकतज्ज्ञ रोमे द लील यांनी ते मूत्रातून मिळवले होते. प्रयोग घरी करायचाच असेल तर दुकानातला युरिया बरा.

खळग्याचे दाणे या दोन्ही हिशेबांत बसत नाहीत. ऊन कडक आणि वाफ्यातलं पाणी उथळ असलं की मीठ भराभर पडतं. दाण्याच्या कडा-कोपऱ्यांना ताजं द्रावण चहूबाजूंनी मिळतं, बाजूच्या मध्याला ते पोचेपर्यंत पातळ झालेलं असतं. कडा पुढे सरकतात आणि मधला भाग मागे राहतो. पाण्यावर तरंगणारी मिठाची उलटी पोकळ पिरॅमिडं अशीच होतात.

एखाद्या दाण्याचा आकार समतोलाचा आहे की घाईचा, हे ओळखायचं तर त्याला नुसतं बघून भागत नाही. मायक्रॉनभर आकाराचे दाणे, मीठ वितळतं त्या ८०१ अंश सेल्सिअसच्या खाली पण जवळपास, बंद जागेत बराच वेळ ठेवतात. काही दाणे आधी ठोकळे असावेत, काही वेडेवाकडे. दोन्ही एकाच आकाराला आले, सपाट बाजू आणि गोलसर झालेल्या कडा, तरच त्याची अंतरं मोजून वुल्फची रेघ मारायची.