कर्जमंजुरी पत्राचे पुनर्लेखन : ग्रामीण विदर्भ

कर्ज मंजूर झाल्याचे कळवणारे बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे पत्र नव्याने अशा रीतीने लिहिणे, की हप्ता किती व केव्हा, तो चुकल्यास दंड कशावर, आणि मुदतीआधी पैसे भरल्यास काय, या तीन गोष्टी कर्जदाराला चटकन सापडाव्यात. पुनर्लेखनात अटी बदलत नाहीत, त्यांची जागा व मांडणी बदलते. मंजुरी पत्र बहुधा संगणकातल्या ठरीव नमुन्यावरून निघते. पहिल्या पानावर रक्कम, व्याजदर आणि तारण असते. हप्त्यांचे वेळापत्रक मागच्या परिशिष्टात, दंड सर्वसाधारण अटींच्या गर्दीत, आणि मुदतपूर्व परतफेडीबद्दल ‘बँकेच्या प्रचलित शुल्कतक्त्याप्रमाणे’ एवढेच. तो तक्ता पत्राला जोडलेला नसतो. कर्जदार मात्र सात-बारासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो ते हेच पत्र, आणि जामीनदाराला दाखवतो तेही हेच.

उगम. या प्रथेचा उगम नेमका कुठे धरावा, याबद्दल एकमत नाही. एका मताप्रमाणे तिचे मूळ सावकारी नियंत्रणाच्या कायद्यांत आहे. मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्ज समेट कायदा झाला आणि १९३४ च्या सावकारी कायद्याने सावकारावर नीट हिशेब ठेवण्याचे व ऋणकोला दरवर्षी लेखी उतारा देण्याचे बंधन घातले. नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा हे जिल्हे मध्य प्रांतात होते. वऱ्हाडची घटनात्मक स्थिती वेगळी होती. तेथे प्रांताचे कायदे स्वतंत्र आदेशांनी लागू केले जात, त्यामुळे अकोला, अमरावती, बुलडाणा व यवतमाळ या जिल्ह्यांसाठी १९३४ हे वर्ष काटेकोरपणे धरणे योग्य नाही. शिवाय सावकाराचा उतारा झालेला व्यवहार सांगतो, तर मंजुरी पत्र पुढे काय भरायचे ते सांगते. दोहोंचा हेतू एकच, ऋणकोला अंधारात ठेवू नये, पण लेखनाचा प्रकार वेगळा आहे.

दुसरे मत अमेरिकेकडे बोट दाखवते. तेथे १९६८ च्या कर्ज-प्रकटन कायद्याने व्याज व आकारांची माहिती ठळकपणे देणे सक्तीचे केले. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील फर्स्ट नॅशनल सिटी बँकेने आपली ग्राहक-कर्जाची वचनचिठ्ठी सोप्या भाषेत नव्याने लिहवून घेतली आणि त्यानंतर काही वर्षांतच न्यूयॉर्क राज्याने सोप्या भाषेतील करारांचा कायदा केला. आजच्या मांडणीच्या युक्त्या, म्हणजे लहान वाक्ये, थेट संबोधन आणि आकड्यांची चौकट, याच प्रवाहातल्या दिसतात.

तिसरे मत रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेपासून सुरुवात करते. बँकांसाठी ती मे २००३ मध्ये, तर बिगर-बँक वित्तीय कंपन्यांसाठी सप्टेंबर २००६ मध्ये आली. कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत अटी लेखी कळवाव्यात हे तत्त्व कंपन्यांच्या संहितेत आणि तिच्या पुढील सुधारणांत स्पष्ट आहे. विदर्भापुरते पाहिले तर हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शाखेतल्या कागदावर बदल घडला तो या परिपत्रकांमुळे, सावकारी कायद्यामुळे नव्हे.

सध्याचे नियम. तीन परिपत्रके येथे महत्त्वाची आहेत. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने जादा व्याजाच्या रूपातला दंड बंद केला. आता तो ‘दंडात्मक आकार’ म्हणून वेगळा दाखवावा लागतो आणि त्या आकारावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. जुन्या नमुन्यावरून काढलेल्या पत्रात ‘दंडव्याज’ हा शब्द अजून दिसला, तर नमुना सुधारलेला नाही हे लगेच ओळखावे.

१५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने वैयक्तिक तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरण सक्तीचे केले. ते १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचे, समजावून सांगायचे आणि तशी पोच घ्यायची असते. त्यात वार्षिक खर्चाचा एकूण दर आणि हप्त्यांचे वेळापत्रक असते. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. विवरणात न लिहिलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही.

तिसरे निर्देश २ जुलै २०२५ चे, मुदतपूर्व परतफेडीच्या आकारांविषयी. ते १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जांना लागू आहेत. व्यक्तीने किंवा सूक्ष्म व लघु उद्योगाने व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जावर व्यापारी बँकांना असा आकार घेता येत नाही. ग्रामीण बँक किंवा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक यांच्यासाठी ही मनाई ५० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला आहे. आकार लागतो की नाही, हे मंजुरी पत्रातच स्पष्ट लिहिले पाहिजे, असेही हे निर्देश सांगतात. पुनर्लेखनाला एवढा थेट आधार याआधी नव्हता.

एक उदाहरण. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल विदर्भात सुपरिचित आहे. अशा गिरणीसाठी ग्रामीण बँकेने ४ लाख रुपयांचे मुदत कर्ज, बदलता दर, सध्या १२ टक्के, चार वर्षांसाठी मंजूर केले असे समजू. रक्कम १५ डिसेंबरला हाती आली. मूळ पत्रात एकच वाक्य होते : ‘परतफेड ५०,००० रुपयांच्या आठ सहामाही हप्त्यांत, अधिक लागू व्याज.’

हे वाक्य खोटे नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात ५०,००० हाच आकडा राहतो. प्रत्यक्षात पहिल्या हप्त्याला ५०,००० मुद्दल आणि २४,००० व्याज, म्हणजे ७४,००० रुपये लागतात. दुसऱ्याला ७१,०००, तिसऱ्याला ६८,००० असे उतरत उतरत शेवटचा हप्ता ५३,००० वर येतो. एकूण व्याज १,०८,००० होते. पुनर्लिखित पत्राच्या पहिल्या पानावर म्हणून मजकूर असा येतो :

> तुमचा पहिला हप्ता १५ जूनला आहे : ७४,००० रुपये (मुद्दल ५०,००० व व्याज २४,०००). दुसरा १५ डिसेंबरला : ७१,००० रुपये. पुढचे सगळे हप्ते याच पानावर खाली दिले आहेत. व्याजदर बदलला तर नवा तक्ता देऊ.

व्याज प्रत्यक्ष दिवसांवर मोजल्यास आकडे थोडे सरकतात. १५ जून ते १५ डिसेंबर या १८३ दिवसांचे व्याज नेमक्या अर्ध्या वर्षापेक्षा किंचित जास्त येते. त्यामुळे बँक ज्या पद्धतीने व्याज मोजते, त्याच पद्धतीने तक्ता काढावा. हाताने गोल केलेले आकडे दिले, तर पहिल्याच हप्त्याला खिडकीवर वाद होतो.

तारखा अशा समोर आल्या की आणखी एक गोष्ट दिसते. विदर्भात नवी तूर साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते आणि डाळ मिल त्यानंतर जोरात चालते. जूनचा हप्ता हंगामानंतरचा आहे. डिसेंबरचा मात्र नेमका गिरणीकडे तूर नसताना येतो. पुनर्लेखन करणारा ही तारीख बदलू शकत नाही. पण सही करण्यापूर्वीच्या तीन दिवसांत कर्जदार शाखाधिकाऱ्याला तारीख मार्चमध्ये न्यायला सांगू शकतो. परिशिष्टाच्या पाचव्या पानावरची तारीख पाहून असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

समजा तारीख बदलली नाही आणि ७१,००० चा हप्ता ४५ दिवस थकला. पत्रात दंड ‘थकीत रकमेवर वर्षाला २ टक्के’ असा असेल, तर तो १७५ रुपये होतो. थकलेल्या रकमेवर चालू दराने साधे व्याज धरले, तर ते सुमारे १,०५० रुपये. मूळ पत्रातील ‘२ टक्के दंड आकारला जाईल’ या वाक्यात दंड कशावर हेच नसते. तो शिल्लक ३,५०,००० वर धरला, तर ८६३ रुपये येतात, म्हणजे जवळजवळ पाचपट. दंडाच्या वाक्यात टक्का, तो ज्या रकमेवर लागतो ती रक्कम आणि एक सोडवलेले उदाहरण ही तिन्ही हवीत. परत गेलेल्या धनादेशाचा किंवा खात्यातून न वटलेल्या हप्त्याचा आकार हा वेगळा असतो. त्याचे वाक्य याच परिच्छेदात, दंडाशेजारी असावे.

मुदतपूर्व परतफेडीत मात्र ‘आकार नाही’ एवढे लिहून भागत नाही. चौथा हप्ता भरल्यावर मुद्दल २ लाख उरते. त्याच दिवशी कर्जदाराने आणखी १ लाख भरले, तर पुढे दोन वाटा आहेत. हप्ता ५०,००० ठेवून दोनच हप्ते उरवले, तर पुढचे व्याज ९,००० होते. चारही हप्ते ठेवून प्रत्येक हप्त्यातले मुद्दल २५,००० वर आणले, तर व्याज १५,००० होते. काहीच आधी भरले नसते, तर ३०,००० लागले असते. कोणती वाट आपोआप धरली जाईल आणि दुसरी हवी असल्यास अर्ज कोणाकडे करायचा, हे पत्रात नसले की शाखेतला संगणक आपल्या परीने एक वाट निवडतो आणि कर्जदाराला ते पुढच्या हप्त्याला कळते.

पारख. पुनर्लेखन जमले की नाही, हे पाहण्याची रीत साधी आहे. कर्जदाराच्या हाती पत्र देऊन तीन प्रश्न विचारावेत : येत्या डिसेंबरात किती भराल? महिनाभर उशीर झाला तर किती जादा? पुढच्या वर्षी लाखभर आधी भरले तर? उत्तर बरोबर आले का, यापेक्षा बोट कुठे फिरते आणि पान किती वेळा उलटले जाते, याकडे लक्ष द्यावे. पान उलटले गेले, तर ती बाब पहिल्या पानावर आलेली नाही. मोठा धोका वेगळाच असतो. सोपा मजकूर आणि करारनाम्यातले कलम यांत तफावत राहिली, तर सही कराराखाली असते. म्हणून प्रत्येक सोप्या वाक्यासमोर मूळ कलमाचा क्रमांक लिहावा आणि कलमात ‘वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे’ असेल, तर सोप्या मजकुरात ठाम आकडा लिहू नये. तो आजचा आकडा आहे असे तारखेसह लिहावे.

इतर कर्जे. पीक कर्जाला हप्ते नसतात, रक्कम एकदम भरायची असते. त्यामुळे पत्रात सगळ्यात वर परतफेडीची शेवटची तारीख हवी. ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर असताना वेळेवर भरणाऱ्याला केंद्राची ३ टक्के सवलत मिळते आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य उरलेला भार उचलते. तारीख चुकली की ही सवलत हातची जाते. तो तोटा कोणत्याही दंडापेक्षा मोठा असतो, पण दंडाच्या कलमात तो सापडत नाही.

सूक्ष्मवित्त कर्जात मंजुरी पत्रापेक्षा कर्जपत्रिका महत्त्वाची. मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नाही, आणि उशिराचा दंड थकीत रकमेवरच लागतो, संपूर्ण कर्जावर नाही. ही दोन वाक्ये पत्रिकेच्या पहिल्या बाजूला छापणे पुरते.