आपोआप उमटणारी अक्षरं: व्हायरस की सांडलेला चहा?

"लॅपटॉपवर चहा सांडला होता, पुसून वाळवला. चार दिवसांनी आपोआप ]]]]]] टाइप व्हायला लागलं. व्हायरस आहे म्हणतात, फॉरमॅट मारू का?"

नको, आधी उमटतंय काय ते बघा. दुरून कुणी टाइप करत असेल तर शब्द येतात, खिडक्या उघडतात. बिघडलेला कीबोर्ड मात्र ठरावीक दोन-चार अक्षरांतच अडकतो.

कारण रचनेत आहे. बटणांखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर वाहक रेषा आडव्या-उभ्या जाळ्यासारख्या छापलेल्या असतात. बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेष जोडली जाते. चहातलं पाणी उडून जातं, साखर मात्र आत राहते. दमट हवेत ती ओल धरते आणि त्या दोन रेषा कायमच्या जोडते, म्हणजे ] दाबलेलंच राहतं. दोन शेजारच्या उभ्या रेषा जोडल्या गेल्या, तर एक बटण दाबल्यावर दोन अक्षरं येतात. रेष तुटली, तर एकाच ओळीतली बरीच बटणं एकदम मरतात.

खात्रीसाठी मशीन सुरू होतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर जा. तिथे विंडोज चालू नसतं. तिथल्या पासवर्डच्या चौकटीत काही न दाबता ठिपके वाढले, तर दोष कीबोर्डचाच. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड असेल तर काम आणखी सोपं: वायर काढा, टायपिंग थांबतं का बघा.

तांदळात ठेवून साखर निघत नाही. लॅपटॉपचा कीबोर्ड सहसा बदलावाच लागतो.