‘पाठ चांगला झाला’ याच्या पुढे काय लिहायचं?

बी.एड.च्या आंतरवासितेतल्या डायऱ्या चाळल्या की एक वाक्य हमखास भेटतं: ‘आजचा पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला. वेळ थोडा कमी पडला.’ विषय गणित असो की इतिहास, हेच वाक्य सगळीकडे चालतं, आणि उद्या वर्गात काय वेगळं करायचं हे त्यातून कळत नाही.

ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेलं चिंतनचक्र यासाठीच वापरतात. त्याचे टप्पे सहा: काय घडलं, काय वाटलं, काय जमलं आणि काय नाही, असं का झालं, यातून काय कळलं आणि पुढच्या वेळी काय करणार. बहुतेक प्रशिक्षणार्थी सहा मथळे आखून प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी भरतात. माझ्या मते डायरीचा कस मात्र पहिल्या आणि चौथ्या टप्प्यावरच लागतो. बाकीचे टप्पे चार ओळींत उरकले तरी बिघडत नाही.

समजा, सहावीच्या वर्गात दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवून झाली. ‘समजलं का?’ असं विचारल्यावर वर्ग एका सुरात ‘हो बाई’ म्हणाला. तास संपता संपता बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला: ०.३५ आणि ०.५ यांतली मोठी संख्या कोणती? बऱ्याच वह्यांमध्ये उत्तर आलं ०.३५.

डायरीत ‘मुलांचा गोंधळ झाला’ असं लिहिलं की विषय तिथेच संपतो. त्याऐवजी नेमका प्रश्न लिहावा, किती वह्यांत कोणतं उत्तर होतं तेही लिहावं, आणि एखाद्या मुलाने दिलेलं कारण त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावं: ‘बाई, पस्तीस पाचापेक्षा मोठे ना!’ तासात लिहायला सवड मिळत नाही, म्हणून पाठ टाचणाच्या समासात दोन शब्द खरडून ठेवावेत आणि डायरी त्याच दिवशी पुरी करावी. दोन दिवसांनी मुलाचं वाक्य विसरलेलं असतं आणि आपलं मत तेवढं उरतं. निरीक्षणाला बसलेल्या सहाध्यायाला ‘कसा झाला पाठ?’ असं विचारण्यापेक्षा ‘मुलांची उत्तरं जशीच्या तशी लिहून दे’ असं सांगितलं तर जास्त हाती लागतं.

आता चौथा टप्पा. ‘मुलांचा पाया कच्चा आहे’ हे काही विश्लेषण नव्हे, कारण ते खरं की खोटं हे तपासता येत नाही. तपासता येतील अशी निदान दोन कारणं मांडायला हवीत. पहिलं: मुलं दशांश चिन्हापुढचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतात. बाई स्वतः ‘पॉइंट पस्तीस’ म्हणाल्या असतील तर त्यालाच खतपाणी मिळालं. दुसरं कारण सहज दिसत नाही, कारण ते बरोबर उत्तरांमागे दडलेलं असू शकतं. काही मुलांना वाटतं की चिन्हापुढे जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, कारण शतांश दशांशापेक्षा लहान असतो. अशा मुलांनी ०.५ हेच उत्तर दिलेलं असणार आणि बाईंनी त्यांना बरोबरची खूणही केली असणार!

म्हणून कृती आराखड्यात ‘अधिक सराव घेईन’ असं न लिहिता उद्याचा प्रश्नच लिहावा. ०.५ आणि ०.३५ यांच्या जोडीला ०.४७ आणि ०.३ ही जोडी द्यायची. अंकांना पूर्ण संख्या समजणारी मुलं पहिल्या जोडीत चुकतील, दुसरीत बरोबर येतील. ‘लांब म्हणजे लहान’ मानणाऱ्यांचं नेमकं उलटं होईल. मग शंभर चौकटींच्या जाळीवर ०.५ साठी ५० आणि ०.३५ साठी ३५ चौकटी रंगवून घ्यायच्या, आणि वाचताना ‘शून्य दशांश चिन्ह तीन पाच’ असंच म्हणायचं. रुपये-पैशांचं उदाहरण सोपं वाटतं, पण दोन स्थळांपुढे ते अडतं: ०.३५ आणि ०.३४९ यांची तुलना पैशांत कशी करणार?

‘काय वाटलं’ या टप्प्यावर अनेक जण अडखळतात. ‘आनंद झाला’ किंवा ‘वाईट वाटलं’ एवढ्याने भागत नाही. घंटा होत आली म्हणून घाई झाली आणि त्या घाईत उत्तर आपणच सांगून टाकलं, असं असेल तर ते लिहावं, कारण तिथे भावनेने अध्यापन बदललेलं असतं.

रोजच्या प्रत्येक तासावर असं लिहिणं शक्य नाही. आठवड्यात दोन तास निवडले तरी चालेल, फक्त दुसरी नोंद पहिलीतल्या आराखड्याचं काय झालं तिथूनच सुरू व्हायला हवी. मुख्य अडचण वेगळीच आहे. डायरीला गुण असतात, आणि मार्गदर्शकांना दाखवायच्या वहीत वर्ग हाताबाहेर गेला हे कोण लिहील? काही जण यासाठी एक कच्ची वही ठेवतात आणि तिच्यातल्या निवडक नोंदी विस्तारून सादर करतात. मार्गदर्शकांनी चूक कबूल केली म्हणून गुण कापायचे नाहीत आणि दोन नोंदींमधला दुवा पाहून गुण द्यायचे असं ठरवलं, तर त्या कच्च्या वहीचीही गरज पडणार नाही.