स्टेरॉईड चालू आहे, हाडांचं काय?

आमच्या मजल्यावरच्या एक काकू, वय 66, संधिवातासाठी रोज 10 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड. चौथ्या महिन्यात पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली. एक्सरेत मणका पाचरीसारखा दबलेला. काकूंचं म्हणणं, "अहो पण डेक्सा तर बरा होता ना!" डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, आणि तो खरंच बरा होता, घनतेचा आकडा म्हणजे टी स्कोअर उणे 1.4, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस नाहीच.

गंमत इथेच आहे. हाडात कायम पाडापाडी आणि बांधकाम चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड खणतात, मागून ऑस्टिओब्लास्ट म्हणजे आपले गवंडी खड्डा भरतात. स्टेरॉईड गवंड्यांना मारतं आणि सुरुवातीला खणणाऱ्यांचं आयुष्य वाढवतं, म्हणजे दोन्हीकडून मार. शिवाय हाडाच्या आत बसून डागडुजीची वर्दी देणाऱ्या ऑस्टिओसाईट पेशीही मरतात. डेक्सा फक्त खनिज मोजतो, या मेलेल्या पेशी त्याला दिसत नाहीत, म्हणून स्कोअर ठीक असतानाही हाड मोडतं. सगळ्यात वेगाने झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, आणि मणक्याचं हाड आतून जाळीदार असल्याने पहिला फटका त्यालाच बसतो.

मग कॅल्शियम पुरे का? ते म्हणजे फक्त विटा-सिमेंट. आहार धरून दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम, आणि व्हिटॅमिन डी 600 ते 800 युनिट. 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत खरं कॅल्शियम 500 असतं, तेव्हा पाकिटावरचा मोठा आकडा बघून हुरळू नका. पण खणणारे थांबवायचे तर बिस्फॉस्फोनेट गटातलं औषध लागतं. ते हाडाच्या खनिजाला चिकटून बसतं, ऑस्टिओक्लास्ट खणायला आला की त्याच्या पोटात जातं आणि त्याला लुळा करतं.

तीन महिने किंवा जास्त दिवस रोज 2.5 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त स्टेरॉईड चालणार असेल तर आधीच हाड मोडण्याची जोखीम मोजायची. चाळिशीनंतर मध्यम किंवा जास्त जोखीम, आधी झालेलं फ्रॅक्चर, किंवा रोज 30 मिलिग्रॅम महिनाभराहून जास्त, यांना वाट न बघता औषध. काकूंचं वय बघता त्यांचा विचार पहिल्या चिठ्ठीतच व्हायला हवा होता असं माझं मत. चाळिशीच्या आतल्यांना सरसकट नाही, आणि पुढे मूल हवं असलेल्या बाईला तर जपूनच, कारण हे औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं.

आता काकू दर रविवारी अॅलेंड्रोनेट या बिस्फॉस्फोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी घेतात. उठल्याबरोबर उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही नि चहासुद्धा नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते, आणि चहा-दुधाबरोबर घेतली तर औषध अंगी लागतच नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत. सुरू करण्याआधी रक्तातलं कॅल्शियम, डी आणि किडनी तपासली होती, कारण डी कमी असताना हे दिलं तर कॅल्शियम घसरून हातपाय वळू शकतात. दातांचं मोठं काम असेल तर तेही आधी उरकायचं, क्वचित जबड्याचं हाड बिघडतं.

आणि हो, "सांधेदुखीवर शंभर टक्के हर्बल" पुड्या! दोन दिवसांत जादू झाली तर आत स्टेरॉईड कालवलेलं असू शकतं, असे प्रकार सापडलेत. तशी पुडी महिनोन्‌महिने खाल्ली असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना पुडीच नेऊन दाखवा.